इंग्रजीतला उजळ ल आणि गडद ल

'लीफ' (पान) आणि 'फील' (जाणवणे) या दोन इंग्रजी शब्दांत तेच तीन ध्वनी उलट क्रमाने येतात. म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या एखाद्या माणसाच्या तोंडचा 'फील' ध्वनिमुद्रित करून उलटा वाजवला, तर 'लीफ' ऐकू यायला हवा. तसे होत नाही. उलट्या 'फील'मधला सुरुवातीचा ल जड आणि घशाकडे दबलेला वाटतो, आणि ई सुरू होण्याआधी मध्येच एक अस्पष्ट स्वर डोकावून जातो. मूळ 'लीफ'मधला ल मात्र पातळ आणि स्वच्छ असतो. इंग्रजी लिपीत दोन्हीकडे एकच अक्षर आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारले तर ध्वनीही एकच आहे असे ते सांगतील. उच्चारशास्त्र या एका ध्वनीची दोन रूपे मानते. 'लीफ'मधला तो उजळ ल आणि 'फील'मधला तो गडद ल.

हा फरक कळण्यासाठी ल मुळात कसा तयार होतो ते पाहावे लागते. ल म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते आणि तोंडाच्या मध्यभागी हवेची वाट अडते. पण जिभेच्या कडा वरच्या दाढांना चिकटत नाहीत, खाली राहतात, त्यामुळे हवा बाजूने निघून जाते. म्हणून या ध्वनीला पार्श्विक म्हणतात. एक साधी चाचणी आहे: ल म्हणण्याच्या स्थितीत जीभ तशीच ठेवावी, आवाज बंद करावा आणि श्वास आत ओढावा. जिभेच्या एका किंवा दोन्ही कडांना गार वारा लागतो. हवेची वाट नेमकी तिथेच असते.

या साऱ्यात जिभेचे टोक आणि कडा एवढेच कामाला लागले आहेत. उरलेली जीभ, म्हणजे तिचा मधला आणि मागचा भाग, बऱ्याच अंशी मोकळी आहे. टोक हिरडीला टेकवून ठेवूनच मधला भाग कठोर तालूकडे उचलता येतो, किंवा मागचा भाग मृदू तालूकडे, म्हणजे पडजिभेच्या दिशेने उचलता येतो. तीच हालचाल एरवी स्वरांसाठी लागते: ई म्हणताना जिभेचा पुढचा भाग वर जातो आणि ऊ म्हणताना मागचा. त्यामुळे ल या व्यंजनाच्या पोटात एखाद्या स्वराची छटा मिसळता येते. इंग्रजी उच्चारांचे अभ्यासक डॅनियल जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच मुद्दा शिकवण्यासाठी वापरला. ल लांबवत ठेवायचा आणि टोक न हलवता त्यातून मनातल्या मनात ई, आ, ऊ म्हणायचे. प्रत्येक वेळी ल बदललेला ऐकू येतो. ईच्या छटेचा ल म्हणजे उजळ, ऊच्या छटेचा म्हणजे गडद.

मागचा भाग उचलल्याने आवाज गडद का होतो, याचे कारण तोंडाच्या पोकळीत आहे. स्वरयंत्रातून निघालेला आवाज तोंडातून जाताना त्यातली काही कंपने उठावदार होतात. कंपनांच्या या उठावाच्या जागांना फॉर्मंट म्हणतात. खालून मोजताना दुसरा येणारा फॉर्मंट जीभ पुढे आहे की मागे हे फार चांगले सांगतो. जिभेचा फुगवटा पुढे असेल तर त्याच्यासमोरची पोकळी लहान राहते आणि दुसरा फॉर्मंट वर चढतो. फुगवटा मागे गेला की समोरची पोकळी मोठी होते आणि तो खाली उतरतो. प्रौढ पुरुषाच्या आवाजात ईचा दुसरा फॉर्मंट दोन हजार हर्ट्झच्या वर असतो, तर ऊचा हजाराच्या आसपास किंवा त्याहून खाली. ल या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. 'लीफ'मधल्या उजळ लचा दुसरा फॉर्मंट साधारण 1400 ते 1600 हर्ट्झच्या घरात सापडतो, आणि 'फील'मधल्या गडद लचा 800 ते 1000च्या घरात. त्याच वेळी पहिला फॉर्मंट थोडा वर सरकतो. म्हणून अभ्यासक या दोन फॉर्मंटमधले अंतर मोजतात. अंतर जितके कमी तितका ल गडद. आकडे माणसागणिक आणि शेजारच्या स्वरागणिक बदलतात. त्यामुळे एका माणसाचा 'फील' दुसऱ्याच्या 'लीफ'शी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, एकाच तोंडचे दोन शब्द ताडावे लागतात. ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेल्या 'प्राट' या मोफत संगणक प्रणालीत हे मोजमाप घरबसल्या करता येते. 'फील'च्या चित्रात दुसऱ्या फॉर्मंटची रेघ ईच्या उंचीवरून उतरणीला लागल्यासारखी लच्या दिशेने खाली येताना दिसते.

कुठे कोणता ल येतो, याचा नियम दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात बराच सरळ आहे. लच्या पुढे स्वर असेल तर उजळ: 'लाइट', 'लीफ', 'ग्लास'. पुढे दुसरे व्यंजन असेल किंवा शब्द तिथेच संपत असेल तर गडद: 'मिल्क', 'हेल्प', 'फील', 'बेल'. य मात्र व्यंजन असूनही स्वरासारखा वागतो. त्याच्या आधीचा ल उजळच राहतो, जसे 'मिल्यन' किंवा 'व्हॅल्यू'. 'बॉटल', 'लिटल' यांच्या शेवटी लच्या आधी खरे तर स्वर नसतोच. ट म्हणताना जिभेचे टोक हिरडीला टेकलेले असते. ते तिथून न सोडता फक्त कडा खाली येतात आणि ल एकटाच अक्षराचा भार उचलतो. तोही गडद असतो.

हा नियम शब्दाच्या शेवटापाशी थांबत नाही, पुढच्या शब्दाकडेही बघतो. 'फील मी' असे म्हटले तर ल गडद राहतो, पण 'फील इट' म्हटले की पुढे स्वर आल्याने ल उजळतो, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगतात. 'फीलिंग'मध्येही तेच. कान देऊन ऐकणाऱ्याला मात्र इथे शंका येऊ लागते. 'फील इट'मधला ल 'लीफ'इतका उजळ असतो का? तसा तो नसतो, आणि तो तसा का नसतो हे समजायला जिभेच्या आत डोकावावे लागले.

ते काम 1993 साली रिचर्ड स्प्रोट आणि ओसामु फुजिमुरा यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने केले. जिभेवर बारीक गोळ्या चिकटवायच्या आणि अत्यंत क्षीण क्ष-किरणांच्या झोताने त्या बोलताना कुठे कुठे जातात याचा माग काढायचा, अशी ही पद्धत होती. तिच्यामुळे टोक केव्हा हिरडीला पोहोचले आणि मागचा भाग केव्हा मागे सरकला, हे दोन्ही वेगवेगळे मोजता आले. निष्कर्ष असा निघाला की या इंग्रजी वक्त्यांच्या तोंडी उजळ आणि गडद अशा दोन्ही प्रकारच्या लमध्ये त्याच दोन हालचाली होत्या. टोक वर जाते आणि जिभेचा मागचा भाग मागे ओढला जातो. फरक पडतो तो मुख्यतः क्रमात आणि ओढीच्या प्रमाणात. 'लीफ'सारख्या शब्दात टोक आधी किंवा मागच्या भागाच्या बरोबरीने पोहोचते. 'फील'सारख्या शब्दात मागचा भाग आधी निघतो, आपल्या टोकाच्या स्थितीला पोहोचतो, आणि जिभेचा शेंडा मागाहून हिरडीला लागतो.

त्यांनी यामागे एक सुबक तत्त्व सुचवले. मागच्या भागाची हालचाल स्वरासारखी आहे, त्यामुळे ती अक्षराच्या गाभ्याकडे, म्हणजे स्वराकडे ओढली जाते. टोकाची हालचाल व्यंजनाची आहे, ती अक्षराच्या काठाकडे जाते. ल सुरुवातीला असेल तर काठ आधी येतो, म्हणून टोक आधी. ल शेवटी असेल तर गाभा आधी येतो, म्हणून मागचा भाग आधी. 'फील'मध्ये ई आणि ल यांच्यामध्ये डोकावणारा तो अस्पष्ट स्वर यातूनच येतो. ई संपून जीभ मागे निघालेली असते, पण टोक अजून टेकलेले नसते. त्या मधल्या क्षणी तोंडातून जो आवाज बाहेर पडतो तो अ किंवा उसारखा असतो. स्वतंत्र स्वर म्हणून तो कोणी उच्चारत नाही.

मुळात ल म्हणताना मागचा भाग मागे जातोच कशाला, असाही प्रश्न पडतो. याचे एक संभाव्य उत्तर जिभेच्या घडणीत आहे. जीभ हा स्नायूंचा गोळा आहे, तिच्यात हाड नाही आणि तिचे आकारमान बदलत नाही. भिजवलेल्या कणकेचा गोळा दोन्ही टोकांना धरून ताणला की तो मधे अरुंद होतो, तसेच जिभेचे टोक पुढे आणि बूड मागे गेले की तिच्या कडा आत ओढल्या जातात. बाजूची वाट त्याने आपोआप मोकळी होते. मागची हालचाल पार्श्विक ध्वनीला मदत करते ती अशी. अर्थात ती अनिवार्य नाही. जर्मनसारख्या भाषांत सगळीकडे उजळ ल चालतो आणि कडा तरीही खाली जातात.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांना थोडी अडचणीची ठरली. लच्या पुढे स्वर तोच ठेवून मधली सीमा बदलत नेली, म्हणजे ल कधी एका शब्दाच्या पोटात, कधी प्रत्ययाआधी, कधी दोन शब्दांमध्ये आणि कधी वाक्यांशाच्या शेवटी ठेवला, तर त्याचा गडदपणा पायरीपायरीने वाढत गेला. सीमा जितकी पक्की, तितका तिच्याआधीचा ल लांबतो, आणि लांबला की मागच्या भागाला पुरेसे मागे जायला अवसर मिळतो. म्हणजे 'लीफ', 'फीलिंग', 'फील इट', 'फील' ही चढती रांग आहे. 'फील इट'बद्दल येणारी शंका रास्तच होती. पुढे डॅनिएल टर्टन यांनी हनुवटीखाली अल्ट्रासाउंडचा शोधक ठेवून वेगवेगळ्या बोलींतल्या वक्त्यांच्या जिभेची आकृती पाहिली, तेव्हा चित्र आणखी रंगले. काही बोलींत दोन रूपे स्पष्ट वेगळी दिसतात, काहींत फरक पायरीपायरीने होतो आणि काहींत तो अगदी किरकोळ आहे. उजळ आणि गडद ही नावे सोयीची आहेत, पण प्रत्येक इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडात दोन कप्पे आहेत असे त्यावरून समजू नये.

बोलीबोलींतला फरक तर साध्या कानालाही कळतो. अमेरिकेत बहुतेकांचा ल सगळीकडे गडदच असतो, सुरुवातीला थोडा कमी, शेवटी जास्त. स्कॉटलंडमध्ये आणि मँचेस्टरसारख्या उत्तरेकडच्या शहरांतही सुरुवातीचा ल जड ऐकू येतो. आयर्लंडचा पारंपरिक उच्चार याच्या अगदी उलट आहे. तिथे 'फील'चा शेवटही उजळ. वेल्समध्ये तर देशाचे दोन भाग पडतात, दक्षिणेत उजळ आणि उत्तरेत गडद. हे फरक बहुधा आयरिश आणि वेल्श भाषांच्या जुन्या शेजाराशी जोडले जातात. लंडनच्या प्रमाण उच्चारातला सुटसुटीत नियम पाठ्यपुस्तकांनी जगभर नेला, पण इंग्रजीच्या नकाशावर तो एका भागाचाच नियम आहे.

गडद लचा पुढचा टप्पा लंडनमध्ये दिसतो. मागचा भाग आधी पोहोचतो आणि टोक उशिरा, हे एकदा लक्षात घेतले की पुढे काय होऊ शकते याचा अंदाज येतो. टोक उशिरा येते, कधी अर्धवट येते, आणि काही वेळा येतच नाही. मग मागे उरतो तो फक्त मागच्या भागाचा उ किंवा ओसारखा आवाज. लंडनच्या कॉकनी बोलीत 'मिल्क'चा 'मिओक' होतो, 'फील'चा 'फीओ'. टाळूवर विद्युत-संवेदकांची पट्टी बसवून केलेल्या प्रयोगांतही हेच दिसते. लच्या जागी हिरडीला जिभेचा स्पर्शच नोंदला जात नाही. आज हा उच्चार कॉकनीपुरता राहिलेला नाही. दक्षिण-पूर्व इंग्लंडमधल्या तरुणांमध्ये तो पसरला आहे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही ऐकू येतो. मात्र 'लीफ'मधला ल कॉकनीतही शाबूत आहे. टोक आधी पोहोचणाऱ्या ठिकाणी ते गळण्याची शक्यता नसते.

त्यातून नवे भेदही जन्माला येतात. लंडनच्या बोलीत 'होली' (पवित्र) आणि 'होल्ली' (पूर्णपणे) हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात, कारण 'होल' (संपूर्ण) या मूळ शब्दातल्या गडद लने त्याआधीचा स्वर ऑकडे ओढून घेतला. 'होल्ली' म्हणताना पुढे स्वर आल्याने ल परत उजळला, पण ओढलेला स्वर तसाच राहिला. प्रमाण उच्चारात हे दोन शब्द बऱ्याच जणांच्या तोंडी सारखेच असतात.

ही नवी घसरण नाही. इंग्रजीत 'टॉक', 'वॉक', 'हाफ', 'काम' (शांत), 'फोक' या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये आज न उच्चारला जाणारा ल आहे. तो पूर्वी उच्चारला जात असे. क, फ, म यांच्या आधीचा गडद ल हळूहळू उसारखा झाला आणि शेवटी आधीच्या स्वरात विरघळला. लिपीने मात्र त्याची जागा राखून ठेवली. 'वुड' आणि 'शुड' यांतला ल असाच गेला, आणि मग त्यांच्या देखादेखी 'कुड'च्या स्पेलिंगमध्येही ल घुसवला गेला, जिथे तो कधीच नव्हता. उलट दिशेचा प्रवास 'फॉल्ट' या शब्दाने केला. तो फ्रेंचमधून लशिवाय आला, विद्वानांनी लॅटिन मुळाची आठवण म्हणून स्पेलिंगमध्ये ल भरला, आणि कालांतराने लोक तो उच्चारूही लागले.

फ्रेंचमधला तो ल गेला होता तोही याच वाटेने. रोमन लेखक प्लिनी यांनी लॅटिन लचे तीन उच्चार नोंदवले होते, अशी माहिती पुढे व्याकरणकार प्रिस्कियन यांनी दिली आहे. त्यांपैकी भरदार ल शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी यायचा. तोच भरदार ल व्यंजनाआधी उ झाला आणि लॅटिन 'आल्बा'चे फ्रेंच 'ओब' (पहाट) झाले. पोलिश भाषेत तिरकी रेघ मारलेले लचे अक्षर आज वसारखे उच्चारले जाते. तिथे शब्दात तो कुठे आहे याचेही बंधन उरले नाही. म्हणून पोलंडचे चलन लिहिताना 'झ्लोती' दिसले तरी बोलताना 'झ्वोती' असते. ब्राझीलमधल्या पोर्तुगीजमध्ये देशाच्या नावाचाच शेवट 'ब्राझीउ' असा होतो. जिभेचा मागचा भाग उचलणाऱ्या लला ही सवय जुनीच आहे.

इंग्रजीत दोन लमुळे अर्थ मात्र बदलत नाही. 'फील' उजळ लने म्हटला तरी तो 'फील'च राहतो, फक्त परका वाटतो. रशियन भाषेत असे चालत नाही. तिथे गडद लचा 'उगल' म्हणजे कोपरा आणि उजळ, तालव्य छटेच्या लचा 'उगल' म्हणजे कोळसा, म्हणून रशियन लिपी दुसऱ्या शब्दाच्या शेवटी एक वेगळे चिन्ह लावते.

मराठी ल सगळीकडे उजळ असतो. 'लाल' म्हणताना दोन्ही ठिकाणी जिभेचा मागचा भाग स्वस्थ असतो. त्यामुळे मराठी माणसाच्या इंग्रजीत 'फील', 'मिल्क', 'स्कूल' हे सारे उजळ लने येतात, आणि 'बॉटल', 'टेबल' यांत लच्या आधी एक पूर्ण अ बसतो. गडद लची जडशीळ छटा ऐकून तो आपल्या ळसारखा असावा असे वाटण्याचा संभव आहे, पण दोघांची घडण वेगळी आहे. ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळते, तालूला लागते आणि पुढे आपटत सुटते. गडद लमध्ये टोक दातांमागे आपल्या नेहमीच्या जागी असते, काम करतो तो मागचा भाग. फॉर्मंटच्या चित्रातही ळची खूण मुख्यतः तिसऱ्या फॉर्मंटच्या उतारात दिसते, गडद लची दुसऱ्याच्या. इंग्रजी शब्दात गडद लच्या जागी ळ घातला तर ऐकणाऱ्याला तो साध्या उजळ लपेक्षा जास्त चमत्कारिक वाटतो.

ज्यांना गडद ल जमवायचा आहे त्यांच्यासाठी जिभेचे टोक दातांच्या मध्ये हलके धरून, ते न सोडता, ओठ सैल ठेवून ऊ म्हणण्याचा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. जे ऐकू येते ते जवळपास गडद लच असते. मग टोक हिरडीवर न्यायचे आणि 'फी'नंतर तो जोडायचा. ओठ गोल झाले तर आवाज 'फीऊ' होतो, टोक सुटले तर कॉकनीकडे जातो, टोक मागे वळले तर ळ होतो. आरशात टोक दिसत राहिले की या चुका लगेच पकडता येतात.

पण उच्चार बदलण्याची गरज फारशी कोणाला नाही. आयरिश माणूस आयुष्यभर उजळ लने 'फील' म्हणतो आणि इंग्लंडमध्ये त्याचे बोलणे कळते. मराठी ल घेऊन इंग्रजी बोलणाऱ्याची अडचण ऐकण्यात होते. लंडनच्या दुकानात 'मिओक' आणि 'बॉओ' ऐकताना त्यात ल शोधत बसलेल्याला 'मिल्क' आणि 'बॉल' हे शब्द सापडत नाहीत. अभ्यास करायचाच असेल तर आधी कानाचा करावा.